ओवाळणीतलं कार्ड आणि साडीचे साडेसातशे

*"ताई, 2024 च्या भाऊबीजेला भावाने पाच हजारांचं गिफ्ट कार्ड ओवाळणीत घातलं. डिसेंबरात त्यातून 3,240 रुपयांचे कपडे घेतले. पुढे मे महिन्यात दुसऱ्या एका दुकानात 2,399 चं बिल झालं, तेव्हा कार्ड चाललंच नाही. मला वाटलं बंद पडलं, म्हणून कपाटात टाकलं. आता लग्नसराईच्या खरेदीला काढलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, 'मॅडम, हे ऑक्टोबरमध्येच एक्स्पायर झालं, पैसे गेले.' दुसरं असं, की सप्टेंबरात घेतलेल्या साडीच्या पदराजवळ विणीत भोक निघालं. दुकानाने पैसे न देता 2,850 ची क्रेडिट नोट दिली. तिच्यावर मी 2,100 चं ड्रेस मटेरियल घेतलं, तर नोट ठेवून घेतली आणि म्हणाले, नोट एकदाच चालते, उरलेले साडेसातशे मिळणार नाहीत. दोन्ही मिळून अडीच हजार गेले. नवरा म्हणतो सोडून दे. सोडू का?"*
*— एक वाचक, डोंबिवली*

सोडू नका. मात्र दोन्हींचा रस्ता एक नाही. कार्डाचे 1,760 मिळवायला तुम्हाला त्या दुकानाच्या काउंटरवर भांडायची गरजच नाही, कारण ते पैसे त्या दुकानाकडे नाहीतच. साडीचे 750 मात्र दुकानदाराच्याच गल्ल्यात आहेत आणि तिथे जाऊन उभं राहावं लागेल. मी सतरा वर्षं कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात बिलिंग आणि हिशोब सांभाळला आहे, तेव्हा काउंटरच्या त्या बाजूला काय चालतं ते मला थोडंफार माहीत आहे.

कार्डापासून सुरुवात करू. ते कपाटातून काढा आणि पालथं करा. पुढच्या बाजूला जे ठळक नाव आणि चित्र असतं त्याकडे लक्ष देऊ नका, मागच्या बारीक अक्षरांत "Issued by" असं कुठे आहे ते शोधा. त्यापुढे जिचं नाव आहे, ती बँक किंवा कंपनी तुमच्या पैशाला जबाबदार आहे. पुष्कळदा पुढे एका कपड्यांच्या साखळीचं नाव असतं आणि मागे भलत्याच कंपनीचं. लोक पुढचं नाव वाचून दुकानात वाद घालतात, दुकानातला मुलगा बिचारा यंत्रावर जे दिसतं ते सांगतो, आणि खरा देणेकरी बाजूलाच राहतो.

तुमच्या पत्रात एक धागा आहे. डिसेंबरात एका दुकानात आणि मे महिन्यात दुसऱ्याच दुकानात तुम्ही तेच कार्ड पुढे केलं आणि दोन्हीकडे कोणी "हे आमच्याकडे चालत नाही" असं म्हटलं नाही. म्हणजे हे एकाच दुकानाने आपल्यापुरतं काढलेलं कार्ड बहुधा नव्हे. अनेक दुकानांत चालणारं कार्ड काढायला बँक तरी असावं लागतं किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी मिळालेली कंपनी. अशा कार्डांना रिझर्व्ह बँकेच्या भाषेत प्रीपेड पेमेंट इन्स्ट्रुमेंट म्हणतात आणि त्यांच्यासाठी 2021 चे सविस्तर निर्देश आहेत. तुमची बाजू त्यातच भक्कम होते.

त्या निर्देशांतलं तुमच्या कामाचं एवढंच. कार्डात पैसे भरल्यापासून किमान एक वर्ष ते चाललं पाहिजे. मुदत संपण्याआधीच्या 45 दिवसांत कार्डधारकाला एसएमएस, ईमेल किंवा आणखी कुठल्या मार्गाने अधूनमधून सावध करायचं असतं. मुदत संपली तरी उरलेली रक्कम, बँक नसलेल्या कंपनीला, निदान तीन वर्षं आपल्या नफ्यात वळती करता येत नाही. आणि मुदतीनंतर कधीही कार्डधारकाने परतावा मागितला, तर तो बँक खात्यात द्यायचा असतो. गिफ्ट कार्डाबद्दल वेगळं कलमही आहे: धारकाने मागणी केली की कार्डाची मुदत वाढवून द्यायची सोय आहे, हवं तर नवीन कार्ड काढून. काउंटरवरचा मुलगा "पैसे गेले" म्हणाला ते चुकलं. संपली ती कार्डाची मुदत. पैसे कार्ड काढणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात अजून तुमच्या नावाने देणं म्हणून पडून आहेत.

मग तो 45 दिवसांचा इशारा तुम्हाला का आला नाही? कारण तो ज्याचा मोबाइल आणि ईमेल कंपनीकडे आहे त्याला जातो. कार्ड भावाने घेतलं, नंबर त्याचा. त्याच्या इनबॉक्समध्ये सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 च्या जाहिरातींच्या ढिगात तो मेल असू शकतो. त्याला शोधायला सांगा, पण रागावू नका. ओवाळणी देऊन वर वर्षभर तिची मुदत सांभाळायची, हे कुठल्या भावाला जमतं?

आता मे महिन्याची गोष्ट. इथे थोडं थांबायला हवं, कारण हीच चूक मी काउंटरवर शेकडो वेळा पाहिली आहे. त्या दिवशी तुमचं कार्ड बंद नव्हतं. त्यात 1,760 होते आणि कॅशियरने मशीनवर पूर्ण बिल, म्हणजे 2,399, टाकलं. मशीन बँकेला विचारतं, "2,399 आहेत का?" उत्तर येतं, "नाहीत," आणि व्यवहार नाकारला जातो. "आहेत तेवढे 1,760 घ्या, बाकीचे रोख घेतो" असं मशीन सहसा आपणहून करत नाही, ते माणसाने करायचं असतं. नाकारलेल्या व्यवहाराचीही चिठ्ठी निघते. तिच्यावर बहुतेक वेळा दोन आकडी कोड असतो. 51 म्हणजे शिल्लक अपुरी. 54 म्हणजे कार्डाची मुदत संपली. 55 म्हणजे पिन चुकला. तुमच्या मे महिन्याच्या चिठ्ठीवर 51 किंवा "INSUFFICIENT FUNDS" असणार याची मी पैज लावायला तयार आहे. आमच्याकडे नवीन मुलं चिठ्ठी न वाचता टराटरा फाडायची आणि "कार्ड चालत नाही" असं म्हणून मोकळी व्हायची. गिऱ्हाईकही तेच धरून चालायचं. चिठ्ठी अजून असेल तर टाकू नका, नसेल तरी चालेल. कार्डाच्या व्यवहारांची यादी कंपनीकडे असते आणि तीत तो नाकारलेला व्यवहारही बहुधा दिसेल.

आता काय करायचं ते ओळीने सांगते. आधी कार्डाच्या मागच्या बाजूला दिलेल्या संकेतस्थळावर जाऊन शिल्लक तपासा. कार्डाचा नंबर आणि पिन लागतो, काही ठिकाणी तो खरवडायच्या पट्टीखाली असतो. मुदत संपलेल्या कार्डाची शिल्लक कधी दिसते, कधी शून्य दाखवते. शून्य दिसलं तरी खचून जाऊ नका, ती स्क्रीनची रीत आहे. जे दिसेल त्याचा फोटो काढा. मग भावाकडून खरेदीचा मेल मागवा. त्यात ऑर्डर नंबर, खरेदीची तारीख आणि त्याने पैसे कुठल्या खात्यातून भरले ते असतं. हे महत्त्वाचं आहे, कारण गिफ्ट कार्ड घेणाऱ्याची ओळख कंपनीने जपून ठेवायची असते आणि तुम्ही नुसता कार्ड नंबर घेऊन फोन केलात तर "खरेदीदाराकडून मेल यायला हवा" हे पहिलं उत्तर मिळेल. म्हणून मेल भावाच्याच पत्त्यावरून पाठवा आणि त्यात तुमचा पत्ता जोडा. मजकूर साधारण असा:

*"माझ्या नावे दिनांक 30 ऑक्टोबर 2024 रोजी घेतलेलं 5,000 रुपयांचं गिफ्ट कार्ड, शेवटचे चार आकडे अमुक, ऑर्डर नंबर तमुक, मी माझ्या बहिणीला दिलं होतं. डिसेंबर 2024 मध्ये त्यातून 3,240 रुपये वापरले गेले. 1,760 रुपये शिल्लक असताना कार्डाची मुदत संपली आहे. रिझर्व्ह बँकेच्या प्रीपेड साधनांविषयीच्या निर्देशांनुसार या शिलकीसाठी कार्डाची मुदत वाढवून द्यावी किंवा तेवढ्या रकमेचं नवीन कार्ड द्यावं. ते शक्य नसल्यास रक्कम बँक खात्यात परत करावी. कार्डाच्या व्यवहारांचं विवरण सोबत पाठवावं आणि या तक्रारीचा क्रमांक कळवावा."*

तारीख, आकडे तुमचे घाला. पूर्ण कार्ड नंबर आणि पिन मेलमध्ये लिहू नका, आणि गूगलवर सापडलेल्या कस्टमर केअरच्या नंबरला तर मुळीच देऊ नका. त्यातले कितीतरी भामट्यांचे असतात. कार्डावर छापलेला पत्ताच खरा माना.

मी आधी मुदतवाढ आणि मग परतावा अशा क्रमाने मागायला सांगितलं त्यालाही कारण आहे. गिफ्ट कार्डातून रोख काढता येत नाही आणि त्यातले पैसे दुसरीकडे वळवता येत नाहीत, असं निर्देशच सांगतात. फक्त धारकाच्या संमतीने ज्या खात्यातून ते भरले त्या खात्यात परत जाऊ शकतात. त्यामुळे तुम्ही पहिल्या ओळीतच "माझ्या खात्यात टाका" म्हटलंत तर समोरचा माणूस "गिफ्ट कार्डाचे पैसे खात्यात जात नाहीत" असं म्हणून तक्रार बंद करेल. मुदतवाढीला मात्र त्याला नाही म्हणता येणं अवघड आहे. मुदतवाढ नाकारली, तर मुदतीनंतरच्या परताव्याचं कलम पुढे करा. भावाच्या मूळ खात्यात पैसे गेले तरी हरकत काय? तो तुम्हाला जीपे करेल.

पहिलं उत्तर बहुधा नकाराचंच येईल: "कार्ड एक्स्पायर झाल्याने आम्ही मदत करू शकत नाही." हे उत्तर साचेबद्ध असतं, पहिल्या पायरीवरच्या माणसाला तेवढंच पाठ दिलेलं असतं. त्याच मेलला उत्तर देऊन "ही तक्रार तुमच्या नोडल अधिकाऱ्याकडे पाठवा" असं लिहा. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. तक्रारीवर शक्यतो 48 तासांत हालचाल सुरू व्हावी आणि 30 दिवसांच्या आत ती निकाली निघावी, असं त्याच निर्देशांत आहे. 30 दिवस गेले किंवा अधिकाऱ्यानेही नकार दिला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, नाहीतर ती तिथेच परत पाठवतात. म्हणून आजच्या मेलची तारीख जपा. काही अडलं तर 14448 हा त्यांचा फोन आहे.

दोन गोष्टींनी रक्कम कमी होऊ शकते. कंपनीने मुदतवाढीचं शुल्क लावलं असेल तर ते कार्ड घेताना दिलेल्या अटींत छापलेलं आहे का ते पाहा. सगळी शुल्कं आधी सांगायचं बंधन आहे, त्यामुळे अटींत नसलेलं शुल्क कापू देऊ नका. दुसरं, भावाला विचारा की पाच हजारांचे त्याने पूर्ण पाच हजारच भरले होते ना. दिवाळीत "साडेचार हजारांत पाच हजारांचं कार्ड" असल्या योजना असतात. नुसतं किमतीत सूट दिली असेल तर अडचण नाही. पण वरचे पाचशे वेगळं प्रमोशनल कूपन म्हणून आले असतील, तर त्या कूपनाची मुदत कंपनी ठरवेल ती. त्याचे पैसे कोणी भरलेलेच नव्हते, त्यामुळे ते मागायला फारशी जागा नाही. कॅशबॅक आणि पॉइंट्सचंही तसंच.

डिसेंबरातल्या त्या 3,240 मधला एखादा कपडा दुकानाने परत घेतला असता, तर ते पैसे पुन्हा याच कार्डात जमा झाले असते. आमच्याकडे एकदा एक आजी नातवाचा सदरा परत करायला आल्या, पैसे कार्डात गेले आणि कार्ड त्यांनी आदल्याच दिवशी कात्रीने चार तुकडे करून कचऱ्यात टाकलेलं. शिल्लक संपली तरी जोवर वस्तू परत करायची मुदत चालू आहे, तोवर कार्ड जवळ ठेवावं.

समजा मागची अक्षरं वाचल्यावर कळलं की कार्ड दुकानाच्या साखळीनेच स्वतःपुरतं काढलेलं आहे आणि मे महिन्यातलं ते "दुसरं दुकान" म्हणजे तिचीच दुसरी शाखा. मग वर सांगितलेलं रिझर्व्ह बँकेचं काहीच लागू होत नाही. फक्त स्वतःच्याच मालासाठी काढलेल्या कार्डाला रिझर्व्ह बँक आपल्या परवानगीच्या कक्षेत धरत नाही. अशा वेळी कार्ड देताना कुठल्या अटी सांगितल्या आणि त्या ग्राहक कायद्याच्या कसोटीला उतरतात का, एवढंच हातात राहतं. दुकानाच्या कार्डाचे पैसे अमुक इतकी वर्षं बुडू शकत नाहीत, असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत तसा आहे, तिथे गिफ्ट कार्डाची रक्कम निदान पाच वर्षं टिकते. त्यामुळे तिकडचे नातेवाईक "असं कसं होईल?" म्हणतात, पण तो कायदा डोंबिवलीत चालत नाही. अशा कार्डासाठी साखळीच्या मुख्य कार्यालयाला मेल करून सदिच्छा म्हणून मुदतवाढ मागावी. मुदत संपून दोन-तीन महिनेच झाले असतील तर मोठ्या साखळ्या बऱ्याचदा देतात. आम्हीही द्यायचो. त्यांना तुम्ही पुन्हा दुकानात यायला हवे असता. वर्ष उलटून गेलं की सॉफ्टवेअर आड येतं आणि इच्छाही उरत नाही.

तशी ही मुदतीची भानगड सणांच्या तारखांमुळे आणखी वाढते. 2022 चं लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं. पुढच्या वर्षी अधिक श्रावण आला आणि 2023 चं गेलं थेट 12 नोव्हेंबरला. 2022 च्या दिवाळीआधी घेतलेली एक वर्षाची सगळी कार्डं 2023 ची दिवाळी यायच्या आत संपून गेली होती. त्या वर्षी आमच्या काउंटरवर रोज पाच-सहा जण तरी रिकाम्या हाताने परत जायचे. 2026 मध्येही अधिक मास आहे, तेव्हा ज्यांना 2025 च्या दिवाळीत अशी कार्डं मिळाली असतील त्यांनी यंदाच्या दिवाळीची वाट पाहू नये.

आता साडी.

इथे मुद्दा क्रेडिट नोटेच्या आधीच सुरू होतो. साडी आवडली नाही, रंग घरच्यांना पसंत पडला नाही, म्हणून परत केली असती, तर दुकान पैसे देईल, नोट देईल की काहीच देणार नाही, हे त्याच्या धोरणावर असतं. पण तुमच्या साडीत विणीचं भोक होतं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष माल परत घ्यायला आणि त्याची रक्कम परत करायला नकार देणं ही त्यातली एक. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर 30 दिवसांत. म्हणजे मुळात तुम्हाला 2,850 रुपये मिळायला हवे होते. नोट ही तुम्ही दुकानाला दिलेली सवलत होती.

दुकानदार काय म्हणेल तेही सांगते: "मॅडमनी नोट हसत घेतली, तेव्हा काही बोलल्या नाहीत." यात थोडं तथ्य आहे. नोट घेऊन तुम्ही 2,100 चा माल घेतलात, त्यामुळे आता उठून पूर्ण 2,850 रोख मागणं तुम्हाला शोभणार नाही आणि टिकणारही नाही. मागायचे ते 750. "एकदाच चालते" ही अट नोटेवर छापलेली होती की फक्त काउंटरवर तोंडी सांगितली, हे आठवून बघा. छापलेली नसेल तर त्यांचं म्हणणं तिथेच संपतं. छापलेली असली तरी प्रश्न उरतोच, कारण सदोष मालाची रक्कम अडवून ठेवून तिचा एक भाग गिळायची अट घालणं ही एकतर्फी अट झाली, आणि कायद्यात अशा करारांना अनुचित करार म्हटलं आहे.

पण दुकानात कायदा काढायची गरज नाही. दुकानात बिल काढा. 2,100 च्या त्या बिलाच्या तळाशी पैसे कसे दिले ते छापलेलं असतं. रोख, कार्ड, युपीआय, आणि तुमच्या बिलावर "CN" किंवा "Credit Note". त्यापुढचा आकडा पाहा. तिथे 2,100 छापलेले असतील, तर दुकानाच्याच हिशोबात तुमच्या नोटेचे 2,100 वापरले गेले आणि 750 अजून देणं आहे. तिथे 2,850 असतील आणि खाली 750 चा काही उल्लेख नसेल, तर बिल 2,100 चं आणि घेतले 2,850, हे त्यांना त्यांच्या सीएलाही समजावता येणार नाही.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नोट मोठी आणि बिल लहान असलं की पडद्यावर एक चौकट उघडायची, उरलेल्या रकमेची नवीन नोट काढायची का? "हो" दाबलं की नवीन नंबरची चिठ्ठी प्रिंटरमधून यायची. संध्याकाळी गर्दी असली की मुलं "नाही" दाबून पुढचं बिल घ्यायची, कारण नवीन नोटेवर मॅनेजरची सही लागायची आणि मॅनेजर वरच्या मजल्यावर असायचा. गिऱ्हाइकाने विचारलं तर "एकदाच चालते" हे उत्तर तयार. मालकाचा असा काही नियम नव्हता. महिनाअखेरीला हिशोब जुळवताना त्या रकमा माझ्या टेबलावर यायच्या आणि मी मालकांना विचारायचे, यांचं काय करू? बहुतेक वेळा गिऱ्हाईक परत यायचंच नाही. जे आलं, बिल घेऊन आलं आणि आवाज न चढवता बोललं, त्याला दहा मिनिटांत नवीन नोट मिळायची. तुमच्या दुकानात असंच घडलं असेल असं मी म्हणत नाही, पण कॅशियरशी वाद घालण्यापेक्षा हिशोब बघणाऱ्या माणसाशी बोला, एवढं नक्की सांगेन. शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी अकराच्या सुमारास जा.

नोट त्यांनी ठेवून घेतली ही अडचण आहे, पण मोठी नाही. तिचा नंबर साडीच्या मूळ बिलाला जोडलेला असतो, त्यामुळे मूळ बिल दाखवलं की संगणकावर निघते. तिची दुसरी प्रत मागा. मागणी लेखी द्या, अर्ध्या पानावर: साडीचं बिल, परत केल्याची तारीख, दोषाचं एका ओळीत वर्णन, नोट 2,850 ची, वापरली 2,100, शिल्लक 750, ती रोख किंवा युपीआयने द्यावी, नाहीतर नवीन नोट द्यावी. एका प्रतीवर शिक्का किंवा सही घ्या. त्यांनी 750 ची नवीन नोट देऊ केली तर घ्या, पण तिच्यावर मुदत आजपासून मोजलेली आहे ना ते पाहा. जुन्या नोटेचीच तारीख नव्या नोटेवर उमटते आणि ती हातात पडते तेव्हा चार दिवस उरलेले असतात, हेही मी पाहिलं आहे.

नाहीच ऐकलं तर 1915 ला फोन करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मराठीतही तक्रार घेते. मात्र ते निकाल देत नाहीत, तक्रार दुकानापर्यंत पोहोचवून मध्यस्थी करतात. मोठ्या साखळीला त्याचा धाक असतो, स्टेशनजवळच्या एकट्या दुकानदाराला तितकासा नसतो. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, e-jagriti.gov.in वरून घरबसल्या दाखल होते आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. पण खरं सांगू? 750 रुपयांसाठी तारखांना जाणं मी माझ्या बहिणीला सांगणार नाही. तिथवर न्यायचं असेल तर "दुकान रोज सगळ्यांशीच असं वागतं" हे सिद्ध करायच्या तयारीने आणि मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेशी बोलून मगच न्या. माझा अनुभव असा, की शिक्का मारलेल्या अर्ध्या पानावरच बहुतेक प्रकरणं मिटतात.

कार्डाच्या 1,760 साठी मात्र शेवटपर्यंत जा, लोकपालापर्यंतही. तिथे नियम लिहिलेला आहे आणि तुमचं काम दोन-तीन मेलचं आहे. भावाला आज रात्रीच फोन करा आणि खरेदीचा मेल पुढे पाठवायला सांगा. नवीन कार्ड आलं की बिल कितीही होऊ दे, कॅशियरने मशीनला हात लावायच्या आधीच त्याला सांगा: "यातून 1,760 घ्या, बाकीचे मी युपीआय करते."